रिकॉलच्या नोटिशीचा फोटो आलाय, घरातली बाटली त्यातलीच आहे का? कसं तपासायचं ते क्रमाने

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्याकडे हेच झालंय का ते लगेच कळेल.

- फॅमिली ग्रुपवर कुठल्यातरी सिरपच्या रिकॉलच्या, म्हणजे ते बाजारातून परत मागवल्याच्या, सरकारी नोटिशीचा फोटो आलाय, वरचा भाग कापलेला आहे आणि खाली कुणीतरी लिहिलंय की घरात असेल तर लगेच फेकून द्या.
- फोटो मोठा केला की अक्षरं फुटतात, S आहे की 5 ते कळत नाही.
- औषधाचं नाव जुळतंय पण बॅच नंबर जुळत नाही, किंवा नंबरातले शेवटचे दोन आकडे जुळतायत आणि कंपनी भलतीच आहे.
- गोळ्यांची पट्टी कापून घेतलेली, त्यामुळे ज्या टोकाला नंबर होता ते टोकच घरी आलेलं नाही.
- कुणीतरी घाबरून बाटली सिंकमध्ये ओतून टाकली, आता नंबर काय होता ते कुणालाच आठवत नाही, आणि पोराला दोन दिवस तेच औषध दिलंय.

मी नाशिकला मेडिकल चालवते, फार्मासिस्ट आहे, आणि असा एखादा फोटो फिरायला लागला की काउंटरवर दिवसभर हेच चालतं, लोक एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन येतात आणि विचारतात, ताई, आमची हीच का? यातलं बरंचसं घरी बसून पाच मिनिटांत तपासता येतं, पण क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय. उदाहरण म्हणून ऑक्टोबर २०२५ मधली कोल्ड्रिफ सिरपची नोटीस घेते, कारण ती खरीखुरी आहे, आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानेही, म्हणजे आपण ज्याला एफडीए म्हणतो त्यांनी, त्याबद्दल सूचना काढली होती, आणि तिचे फोटो कापून कापून सगळीकडे फिरले.

तपासायच्या आधी एकच प्रश्न

ज्या औषधाची नोटीस आहे ते गेल्या काही दिवसांत लेकराच्या पोटात गेलंय का, आणि त्याला आत्ता उलट्या होतायत, पोट दुखतंय, ते सुस्त पडलंय किंवा सहा-आठ तासांत लघवीच झालेली नाही, असं काही आहे का? असेल तर पुढचं काहीही वाचू नका. बाटली जशी आहे तशी पिशवीत घाला, फोटो मोबाईलमध्ये राहू द्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८ लावा. घरी उलटी काढायला जाऊ नका, मीठ-पाणी वगैरे काही देऊ नका. बॅच जुळते की नाही हे हॉस्पिटलच्या दारातही बघता येतं, त्यासाठी घरी थांबायची गरज नाही.

हे इतकं ठासून का सांगतेय, तर कोल्ड्रिफच्या त्या बॅचमध्ये तामिळनाडूच्या सरकारी लॅबला डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं, ४८.६ टक्के. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे १०० मिलीच्या हिशेबाने ४८.६ ग्रॅम, म्हणजे ५ मिलीच्या एका चमच्यात जवळपास अडीच ग्रॅम विष. हे द्रव्य किडनी बंद पाडतं. आधी उलटी-पोटदुखी होते, जी सर्दी-तापात कुणालाही साधीच वाटते, आणि मग लघवी कमी कमी होत जाते. मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात २० पेक्षा जास्त लेकरं गेली. चव गोडसर, रंग नाही, त्यामुळे वास घेऊन, चाखून किंवा उजेडात धरून घरी काहीही कळत नाही. बाटली "चांगली दिसतेय" याला शून्य अर्थ आहे. घरच्याला ओळखायचा रस्ता एकच, लेबलावर काय छापलंय ते.

लेकरू खेळतंय, बरं आहे, पण औषध दिलं होतं, तर खालचं पटकन तपासा, आणि जुळलं तर लक्षण नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पहिलं काम: औषध बाजूला ठेवायचं, फेकायचं नाही

याला पैसाही लागत नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावा, एका पिशवीत घाला, वर चिठ्ठी लावा "देऊ नये" आणि पोरांच्या हाताला येणार नाही अशा ठिकाणी ठेवा. फ्रिजमध्ये इतर औषधांच्या शेजारी नको, कारण रात्री दोन वाजता घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तीच उचलून दिली असं होऊ शकतं, आजीला किंवा पोरांना सांभाळणाऱ्या मावशींना ग्रुपवरचा मेसेज माहीतच नसतो.

सिंकमध्ये ओतू नका आणि घंटागाडीतही टाकू नका. एक तर बाटली गेली की बॅच नंबर गेला, म्हणजे पुढे डॉक्टरांना सांगायला काही उरत नाही. दुसरं, खरंच ती बॅच असेल तर औषध निरीक्षकाला ती बाटली हवी असते, तुमच्या भागात ती कुठून आली हे तिच्यावरूनच शोधतात.

पण रोजच्या गोळ्यांचं वेगळं आहे. बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्सची गोळी असेल तर फोटो बघून डोस बंद करू नका. दर महिन्याला केंद्रीय औषध नियंत्रकांकडून तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी येते, तिला एनएसक्यू यादी म्हणतात, म्हणजे दर्जात न बसलेली औषधं. त्या यादीत नेहमीच्या गोळ्यांची नावं असतात आणि मग लोक आठवडा-आठवडा बीपीची गोळी घेत नाहीत. त्या यादीतली नोंद एका कंपनीच्या एका बॅचपुरती असते, त्या औषधापुरती नाही. तुमची पट्टी त्या बॅचची निघालीच तर मेडिकलवरून दुसऱ्या बॅचची घ्यायची आणि डोस चालू ठेवायचा. सर्दी-खोकल्याचं सिरप मात्र दोन दिवस नाही दिलं तर काही बिघडत नाही, ते लगेच थांबवा.

दुसरं: पूर्ण फोटो मिळवा आणि तारीख बघा

हे फुकटातलं काम आहे आणि निम्मे गोंधळ इथेच मिटतात. ज्याने पाठवलं त्याला सांगा की पूर्ण पान पाठव, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे तो बारीक होऊन येत नाही. दहा जणांकडून फॉरवर्ड होत आलेल्या फोटोत अक्षरं फुटतात ती यामुळेच.

पूर्ण पानात चार गोष्टी शोधायच्या. वर कुठल्या कार्यालयाचं नाव आहे, जावक क्रमांक आणि तारीख काय आहे, पत्र कुणाला उद्देशून आहे, आणि शेवटी काय करायला सांगितलंय. तारीख नसली तर तो फोटो अर्धवट आहे असंच धरा. जुनी नोटीस वर्षभराने परत फिरते आणि तोवर त्या बॅचची मुदतही संपत आलेली असते, म्हणून तारीख बघणं एवढं महत्त्वाचं.

कुणाला उद्देशून हेही बघा, कारण पुष्कळ पत्रं "सर्व घाऊक व किरकोळ विक्रेते" यांना असतात, म्हणजे आम्हाला. त्यात लिहिलेलं असतं साठा गोठवा, विक्री थांबवा, अहवाल द्या. घरच्याने ते वाचलं की वाटतं आपल्यासाठी काहीच लिहिलेलं नाही, मग दुर्लक्ष होतं. रिकॉलच्या नियमात तीन वर्ग आहेत, पहिल्या वर्गात जीवाला धोका असलेली औषधं येतात आणि ती जास्तीत जास्त ७२ तासांत बाजारातून मागे घ्यायची असतात, अगदी गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत. तिसऱ्या वर्गात लेबलाच्या किरकोळ चुका वगैरे येतात, त्याला ३० दिवसांपर्यंत मुदत असते. नोटिशीत कारण लिहिलेलं असेल तर ते वाचा, "विषारी द्रव्य आढळले" आणि "लेबलावरील मजकूर चुकीचा" यात घरच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरं: नाव, मग कंपनी

कोल्ड्रिफच्या नोटिशीतला कामाचा भाग एवढाच होता:

```
Coldrif Syrup
Batch No.: SR-13
Mfg. Date: May 2025
Exp. Date: April 2027
Mfd. by: Sresan Pharma, Kancheepuram, TN
```

लोक थेट बॅच नंबरवर उडी मारतात. तसं करू नका, वरून खाली या. आधी ब्रँडचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे सर्दीच्या सिरपांची नावं एकमेकांसारखी, सुरुवात कोल्ड किंवा कोफ, शेवट कशाने तरी, घाईत सगळी सारखीच वाटतात. घटकांवर जाऊ नका. या सिरपमध्ये क्लोरफेनिरामाईन आणि फिनाईलेफ्रिन होतं, तेच दोन घटक बाजारातल्या कितीतरी सिरपांत आहेत. दोष त्या दोन औषधांत नव्हता, ज्या द्रवात ती विरघळवलेली होती त्यात विष होतं. म्हणून घटक जुळले म्हणजे बाटली त्यातली असं होत नाही.

मग बनवणारी कंपनी. लेबलावर दोन नावं असू शकतात, एक बनवणारी आणि एक विकणारी. मोठ्या अक्षरात बहुतेक विकणारीचं नाव असतं, लोगो पण तिचाच. बनवणारीचं नाव-पत्ता बारीक अक्षरात, लायसन्स नंबरच्या आसपास. नोटिशीत "मॅन्युफॅक्चर्ड बाय" म्हणून जे नाव आहे ते लेबलावरच्या बनवणारीशीच जुळवायचं.

चौथं: बॅच नंबर

बॅच म्हणजे एका वेळी एकाच कच्च्या मालातून एकत्र बनवलेला माल. पिंपातलं द्रव्य खराब असेल तर त्या पिंपातून भरलेल्या सगळ्या बाटल्या खराब, म्हणून नोटीस बॅचवर निघते. प्रत्येक कंपनी नंबर आपल्या पद्धतीने देते, त्यामुळे नंबरातून अर्थ काढत बसू नका, फक्त जुळवा. अक्षरं, आकडे, मधली रेघ, सगळं. अर्धा नंबर जुळला याला जुळलं म्हणत नाहीत.

नंबर बाटलीच्या लेबलावरचा बघायचा, खोक्यावरचा नाही. घरात दोन सारखी औषधं असली की खोकी अदलाबदल होतात, एका बाटलीचं खोकं दुसरीला, आणि मग चुकीच्या नंबरावरून लोक निर्धास्त होतात. लेबलावर कंपनीचा छापील मजकूर एका रंगात असतो आणि बॅच, उत्पादन, मुदत हे तीन नंतर काळ्या शाईने वेगळे छापतात, थोडे तिरके, कधी लेबलाच्या कडेला. हातातल्या तेलकटपणाने पुसली जाते ती हीच शाई.

वाचता येत नसेल तर मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका धरा आणि फोटो काढून मोठा करा. गोळ्यांच्या पट्टीवर नंबर बऱ्याचदा शाईने नसून टोकाला दाबून उमटवलेला असतो, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की उमटतो. S आणि 5, O आणि 0, B आणि 8, I आणि 1 या जोड्यांत शंका आली तर दोन्ही शक्यता लिहून ठेवा. त्यातली एक जरी जुळत असेल तरी ते औषध जुळलंय असंच समजून पुढचं करा, शंका असताना लेकराला देण्यापेक्षा बाटली वाया गेलेली बरी.

पाचवं: दोन्ही तारखा

बॅचवर शंका असली की तारखा कामाला येतात. एका बॅचच्या सगळ्या बाटल्यांवर उत्पादनाचा महिना एकच असतो आणि मुदतीचा महिनाही एकच. तुमच्या बाटलीवर बॅच SR-13 सारखं काहीतरी दिसतंय पण उत्पादन २०२४ चं आहे, तर ती बॅच नाही, वाचण्यात चूक आहे. उलट बॅच धड दिसत नाही पण नाव, कंपनी आणि दोन्ही तारखा चारही जुळतायत, तर ती बाटली संशयितच.

आता म्हसरूळच्या एका आजोबांचं सांगते, कारण त्यात हे सगळं आलं. नातू अडीच वर्षांचा, बाटली अर्धी संपलेली. त्यांच्या मोबाईलमधल्या फोटोत नोटिशीचा फक्त मधला भाग होता आणि बॅचच्या रकान्यात S आणि 13 एवढंच स्पष्ट. बाटलीवरचा नंबर तीन अक्षरं, मग आकडे आणि शेवटी १३. आजोबा म्हणाले, "ताई, तेराच आहे बघा, आणि औषधं पण तीच लिहिलीत." आवाज कापत होता त्यांचा. आधी विचारलं नातू कसा आहे, तर खेळतोय, लघवी नेहमीसारखी, शेवटचा डोस महिन्यापूर्वीचा. मग बाटली फिरवली. ब्रँड वेगळा, बनवणारी कंपनी वेगळी, राज्यही वेगळं. घटक तेच दोन, पण ते आपण वर बघितलंच. नंबर अख्खा वाचला तर SR-13 शी त्याचा संबंध फक्त शेवटच्या दोन आकड्यांचा. उत्पादनाची तारीखही आदल्या वर्षीची. म्हणजे पाचपैकी एकही गोष्ट जुळत नव्हती.

तरी मी त्या बाटलीतलं औषध नातवाला पुन्हा द्यायला नको म्हणून सांगितलं, आणि कारण रिकॉलचं नव्हतं. या दोन घटकांचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलावर छापायचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघालाय, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की २ वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीचं औषध देऊच नये आणि ५ वर्षांखाली सहसा टाळावं. शिवाय बाटली उघडून महिना झालेला, आणि ती मोठ्या नातीसाठी लिहून दिलेली, धाकट्यासाठी नाहीच. नोटिशीत नसणं आणि तुमच्या मुलासाठी योग्य असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि फोटोवाला मेसेज फक्त पहिल्याचं उत्तर देतो.

सहावं: लेबल नाही, पट्टी कापलेली, बाटली फेकलेली, तर बिल शोधा

मेडिकलच्या कॉम्प्युटर बिलावर औषधाच्या नावापुढे बॅच आणि मुदत असते. लोक बिल घेत नाहीत किंवा तिथेच टाकून जातात, पण ते गेलं असलं तरी दुकानात नोंद असते. ज्या दुकानातून घेतलं तिथेच जा, नाव, मोबाईल नंबर किंवा साधारण तारीख सांगा, आम्ही बिल परत काढून देऊ शकतो. एकच अडचण असते, एकाच औषधाच्या दोन बॅच एकदम रॅकवर असतील आणि घाईत दुसरीचंच बिल झालं असेल तर बिलावरची बॅच हातातल्या बाटलीशी जुळत नाही. म्हणून बाटली असेल तर बाटलीचं खरं मानायचं, ती नसेल तेव्हाच बिलावर जायचं.

बिलही नाही आणि दुकानही आठवत नाही, किंवा औषध बाहेरगावी नातेवाइकांकडून आणलेलं, मग घरी अजून शोधत बसू नका. ते औषध संपलं असेल आणि सगळे बरे असतील तर विषय तिथेच थांबतो, उरलं असेल तर वापरायचं नाही.

सातवं: दुकानदाराला काय विचारायचं

इथून पुढे घरच्याच्या हातात फार नाही. दुकानात जाऊन "हे औषध चांगलं आहे का" असं विचारलंत तर उत्तरही मोघमच येईल. असं विचारा, की या ब्रँडची ही बॅच तुमच्याकडे आली होती का, आणि कुठल्या स्टॉकिस्टकडून. आमच्या खरेदीच्या बिलावर बॅच असते, कॉम्प्युटरमध्ये दोन मिनिटांत निघतं. लागलं तर गोळे कॉलनीतल्या होलसेलवाल्याला फोन करून विचारता येतं की ही बॅच नाशिकमध्ये उतरली का. उतरलीच नसेल तर मोठा दिलासा, पण औषध दुसऱ्या राज्यातून कुणी आणलं असेल तर या उत्तराचा उपयोग नाही, हे लक्षात असू द्या.

नोटीस खरी आहे का याची शंका असेल तर एफडीएच्या टोल फ्री नंबरवर विचारा, १८०० २२२ ३६५. कोल्ड्रिफच्या वेळी राज्याच्या सूचनेत हाच नंबर दिला होता. फोन लावण्याआधी एका कागदावर ब्रँडचं नाव, बनवणारी कंपनी, बॅच, दोन्ही तारखा, कुठून आणि कधी घेतलं, आणि कुणाला किती दिलं एवढं लिहून घ्या, म्हणजे फोनवर अडखळायला होत नाही.

जुळलं तर

नाव, कंपनी, बॅच आणि तारखा सगळं जुळलं तर आता तपासणं बंद. पुढचं काम तुमचं नाही, माझंही एकटीचं नाही.

ज्याने औषध घेतलंय त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, बरा दिसत असला तरी. बालरोगतज्ज्ञ असतील तर उत्तम, नाहीतर सिव्हिल हॉस्पिटल. तिथे "कफ सिरप दिलं होतं" एवढंच सांगू नका, बाटली आणि नोटीस दाखवा आणि सांगा शेवटचा डोस कधी, एका वेळी किती मिली, एकूण किती वेळा, आणि शेवटची लघवी कधी झाली. डॉक्टर किडनीसाठी रक्ताची तपासणी सांगतील, क्रिएटिनिन वगैरे, ती करून घ्या. यावर उपचार आहेत, उतारा आहे, डायलिसिस आहे, पण ते सगळं हॉस्पिटलमध्येच होतं आणि लवकर पोचलं तर उपयोगी पडतं. मेडिकलवाल्याला "काहीतरी द्या ना यावर" म्हणून विचारू नका, आमच्याकडे यावर द्यायला काहीच नसतं, आणि जो काही देईल त्याचं घेऊ नका.

बाटलीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि उरलेलं औषध कमी-जास्त न करता, दुसऱ्या भांड्यात न ओतता तसंच ठेवा. विषारी द्रव्याची नोटीस असेल तर दुकानात परत देऊन पैसे घेऊन मोकळं होण्याआधी एफडीएला कळवा, ते नमुना घेतील किंवा बाटली कुठे द्यायची ते सांगतील. कोल्ड्रिफच्या सूचनेतही नागरिकांना हेच सांगितलं होतं, वापर थांबवा आणि जवळ असेल तर औषध प्रशासनाला कळवा. किरकोळ वर्गाचा रिकॉल असेल तर दुकानात परत द्या, दुकानदार ते स्टॉकिस्टकडे पाठवतो, तिथून ते कंपनीकडे जातं. बिल असेल तर पैसे मागायला संकोच करू नका.

नाही जुळलं, तरी नोटीस वाढू शकते

पहिली नोटीस बहुतेक एका बॅचची असते आणि तपास पुढे गेला की यादी लांबते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तसंच झालं, आधी फक्त SR-13, आणि १३ ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आला त्यात कोल्ड्रिफसोबत रेस्पिफ्रेश टीआर आणि रिलाइफ ही आणखी दोन सिरप होती, वेगळ्या कंपन्यांची, आणि त्यांतही तेच विष, प्रमाण कमी पण मर्यादेच्या वरच. म्हणून "आमची त्यात नव्हती" म्हणून महिनाभर डोळे मिटून बसू नका. त्याच कंपनीचं दुसरं कुठलं सिरप घरात असेल तर तेही पिशवीत घाला आणि मेडिकलवाल्याला विचारा, नवीन पत्र आलंय का.

ग्रुपवर पुढे पाठवायचं असेल तर कापलेला फोटो पाठवू नका. पूर्ण पान, आणि खाली टाईप करून बॅच नंबर, कंपनी आणि नोटिशीची तारीख, एवढं पुरे. "सगळी कफ सिरपं बंद करा" किंवा "आमची तपासली, काही नाही" असलं काही जोडू नका, कारण तुमची बॅच वेगळी, समोरच्याची वेगळी.

आणि घरात लहान मूल असेल तर आजच औषधांचा डबा उघडून प्रत्येक सिरपच्या लेबलावरच्या बॅचचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, शाई पुसायच्या आत.